छतातून गळणारं पाणी नेमकं कुठलं?

खालच्या घरात बाथरूमच्या छताला ओल आली, की पहिला प्लंबर येऊन वर बघतो आणि सांगतो, वरचं अख्खं बाथरूम फोडावं लागेल. दुसरा सांगतो, टाइल्सचे जॉइंट भरून घ्या, थांबेल. पहिल्याच्या सल्ल्याने लाखभर रुपये सहज जातात. दुसऱ्याच्या सल्ल्याने दोन हजारात काम होतं आणि पुष्कळदा महिन्याभरात छत पुन्हा ठिबकायला लागतं. दोघांनी पाणी कुठून येतंय हे पाहिलेलंच नसतं. ते शोधायला हातोडा लागत नाही. लागतो तो आठ-दहा दिवसांचा संयम, आणि वरच्या-खालच्या घरांत बोलण्यापुरते संबंध. दुसरी गोष्ट अनेक सोसायट्यांत जास्त दुर्मीळ असते.

डाग जिथे दिसतो तिथेच वर गळती असेल, असं गृहीत धरणं ही यातली सर्वांत महागडी चूक. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो, साधारण 300 मिलिमीटर, जुन्या इमारतींत त्याहूनही जास्त. हा संकन स्लॅब. त्याला वॉटरप्रूफिंगचा थर देतात, आत ड्रेनेजचे पाईप टाकतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर टाइल्स बसवतात. म्हणजे पायाखाली एक मोठा टब असतो, विटांनी भरलेला. दीड मीटर बाय दोन मीटरच्या बाथरूमखाली त्या टबाचं आकारमान 900 लिटर भरतं. त्यातली एक दशांश जागा पोकळ धरली, तरी 90 लिटर पाणी तिथे कुणाला न दिसता साठून राहू शकतं.

कुठल्याही फटीतून आत गेलेलं पाणी आधी या टबात पसरतं आणि जिथे त्याचा थर सर्वांत कमकुवत असेल तिथून खाली उतरतं. ती जागा बहुधा डक्टच्या बाजूला असते, कारण तिथेच ड्रेनेजचा पाईप भिंत भेदून बाहेर पडतो. त्यामुळे गळती दाराजवळची असो की शॉवरखालची, खालच्या छतावरचा डाग डक्टच्या कोपऱ्यात उमटू शकतो. म्हणून डागाच्या जागेपेक्षा त्याची वेळ जास्त सांगून जाते. पाणी केव्हा वाढतं, केव्हा कमी होतं, आणि वरच्या घरात तेव्हा काय चाललेलं असतं, हे आधी पाहायचं.

ठाण्यातल्या वीसेक वर्षांच्या एका सात मजली इमारतीचं उदाहरण घेऊ. महिना जानेवारी, म्हणजे पावसाचा प्रश्न नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी दुसऱ्या मजल्यावर उतरतंय, डक्टला लागून असलेल्या कोपऱ्यात. खालच्या घरातल्या आजी दिवसभर घरी असतात. त्यांनी थेंबांखाली पातेलं ठेवलं, दर तीन तासांनी कपाने पाणी मोजलं आणि कॅलेंडरवर आकडे लिहिले. आठवड्याने चित्र असं दिसलं: सकाळी दहाच्या सुमारास धार वाढते, संध्याकाळपर्यंत मंदावते, रात्रभर मात्र थोडंथोडं चालूच राहतं. वरच्या घरात सकाळी सातपासून साडेआठपर्यंत तिघांच्या आंघोळी होतात.

हा चढउतार पुष्कळ काही सांगतो. नळाची लाईन, म्हणजे सदैव दाबाखाली असलेला पाईप फुटला असेल, तर गळती दिवसरात्र जवळजवळ सारखी राहते, घर बंद असलं तरीही. गरम पाण्याच्या लाईनीचा एखादा सांधा मात्र तापल्यावरच सुटतो, म्हणून गीझर लागतो तेव्हा गळती वाढते का हेही पाहावं लागतं. वापरामागोमाग गळती वाढत असेल, तर संशय सांडपाण्यावर किंवा फरशीवर जातो. पण रात्रीचं ठिबकणं त्या टबातलं साठलेलं पाणीही असू शकतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही.

सोसायटीच्या प्लंबरचं मत पडलं, की डक्टमधली उभी ड्रेनेज लाईन गळतेय. डाग त्याच कोपऱ्यात असल्याने ते पटण्यासारखंही होतं. वरच्या घरालाही हे निदान सोयीचं होतं, कारण महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक पाईपलाईन आणि ड्रेनेजची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, तर घराच्या आतली गळती सभासदाने स्वखर्चाने थांबवायची असते. निदानावर बिल कुणाचं हे ठरतं, म्हणून निदान पैशाच्या वादाआधी झालेलं बरं.

खरी तपासणी सुरू होते ती बाथरूम पूर्ण कोरडं ठेवून. वरच्या कुटुंबाला दुसरं बाथरूम होतं, म्हणून हे जमलं. या बाथरूमचा कॉक बंद केला, नळ उघडून लाईनीतलं पाणी काढून टाकलं आणि दाराला कडी लावली. खाली पहिल्या दिवशी फारसा फरक पडला नाही. इथेच बहुतेक लोक धीर सोडतात: पाणी बंद केलं तरी गळतंय, म्हणजे आमचं नाहीच! पण टब रिकामा व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पातेल्यात निम्मं पाणी आलं, चौथ्या दिवशी थेंब थांबला. या चार दिवसांत चौथ्या ते सातव्या मजल्यावरची माणसं नेहमीसारखी आंघोळ करत होती, त्यांचं सांडपाणी त्याच उभ्या लाईनीतून उतरत होतं. तरीही गळती थांबली. डक्टमधली लाईन अशी एकही खिळा न ठोकता संशयातून सुटली.

यापुढे एकेक गोष्ट सुरू करायची, आणि दोन गोष्टी एकदम कधीच नाहीत. आधी फक्त कॉक उघडला, नळ सगळे बंद. दोन दिवस काही दिसलं नाही, मग एक दिवस गीझरही चालू ठेवला. तरीही छत कोरडं. अर्थात तिसऱ्या मजल्यावर टाकीच्या पाण्याचा दाब फार नसतो, दहा मीटर उंचीला साधारण एक किलो, आणि वाळलेला कोबा पहिलं पाणी स्वतःच पितो. म्हणून बारीक गळती लपली नाही ना, याची खात्री प्लंबरच्या हातपंपाने केली. गार आणि गरम लाईन वेगवेगळी बुचं मारून बंद केली, सहा-सात किलो दाब भरला आणि तासभर मीटरच्या काट्यावर नजर ठेवली. काटा हलला नाही. या चाचणीत हमखास फसवतो तो डायव्हर्टर: त्याच्या आतून गरम-गार लाईनी एकमेकींना जोडलेल्या राहिल्या, तर एकीचा दाब दुसरीत निसटतो आणि धडधाकट पाईप बदनाम होतो.

मग सांडपाण्याची पाळी. नळी थेट नहाणी ट्रॅपच्या गळ्यात आत घालून, फरशी ओली न करता, पाच बादल्या पाणी सोडलं. एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी बेसिन भरून सोडलं, त्यानंतर कमोडचा फ्लश दहा-बारा वेळा ओढला. खाली काही नाही. म्हणजे ट्रॅप आणि त्यापुढचे पाईपही ठीक होते.

राहिली फरशी. यासाठी ट्रॅपभोवती ओल्या सिमेंटचं वीतभर रुंदीचं कडं केलं, दारात तसाच बांध घातला आणि कड्याबाहेर इंचभर पाणी साठवलं. एवढ्या बाथरूमला साधारण पाच बादल्या लागतात. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि शेजारी एका भांड्यात पाणी भरून ठेवलं, म्हणजे हवेत किती उडालं हे कळतं. चोवीस तासांनी दोन्हीकडची पातळी सारखीच उतरलेली होती, खाली थेंब नाही. ज्या जॉइंटांसाठी दुसरा प्लंबर दोन हजार मागत होता, ते जॉइंट निर्दोष निघाले.

शेवटी कड्याच्या आत पाणी भरलं, ट्रॅपचा गळा खोल आतून फुग्याच्या बुचाने बंद करून. अर्ध्या तासात पातळी बोटभर उतरली. पुन्हा भरलं, पुन्हा उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या पातेल्यात पाणी होतं.

जाळी काढून भोवतीच्या दोन टाइल्स उचलल्यावर कारण दिसलं. काही वर्षांपूर्वी बाथरूम नवं करताना जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली होती. फरशी दीड इंच वर आली, ट्रॅपचा गळा मात्र जुन्या उंचीवरच राहिला आणि मधली फट साध्या सिमेंटने भरली होती. ते सिमेंट आक्रसून सुटलं होतं. आंघोळीचं पाणी जाळीतून खाली पडताना काही ट्रॅपमध्ये जाई, काही त्या फटीतून दोन फरश्यांच्या मध्ये आणि तिथून कोब्यात. फोडफोड न करता फरशीवर फरशी घालण्याच्या कामात ही फट फार वेळा राहते, आणि टाइल्सचे जॉइंट कितीही भरले तरी ती बंद होत नाही. इथे गळ्याला जोडतुकडा बसवला, भोवती न आक्रसणारं ग्राउट भरलं, वॉटरप्रूफिंगचा लेप दिला आणि टाइल लावण्याआधी पुन्हा पाणी भरून दोन दिवस पाहिलं.

रंगीत पाण्याचा उपाय सगळेच सुचवतात. खायचा रंग टाकून तो खाली उतरला तर पुरावा पक्का. न उतरला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण विटा आणि सिमेंट रंग शोषून घेतात आणि खाली स्वच्छ पाणी येतं. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच: तो तापमानातला फरक दाखवतो, पाणी नाही. गरम लाईन फुटली असेल तर उपयोग होतो. आठ महिन्यांच्या जुनाट ओलीत मात्र अख्खा कोपराच निळा दिसतो आणि उगम कुठे, ते तसंच राहतं.

या दुरुस्तीला एक मर्यादा आहे, ती वरच्या घराने समजून घ्यायला हवी. पाणी खाली पोचलं याचा अर्थ संकनमधला मूळ वॉटरप्रूफिंगचा थरही कुठेतरी फाटलेला आहे. वरची फट बंद झाल्याने त्याच्यापर्यंत पाणी जात नाही, एवढंच. उद्या पाईपचा एखादा सांधा सुटला, तर ते पाणी त्याच वाटेने खाली जाईल. तो थर नव्याने द्यायचा तर मात्र बाथरूम खरोखर फोडावं लागतं. गळती एकाच ठिकाणी सापडली असताना आजच तो खर्च करावा असं मला वाटत नाही. खालच्या स्लॅबचं प्लास्टर पडून सळया गंजलेल्या दिसत असतील, तर हिशेब बदलतो. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नुसता लेप मारू नये.

दुरुस्तीनंतर वरचं बाथरूम वापरात आलं, की खाली चार-सहा दिवस थोडं ठिबकू शकतं. तपासणीत भरलेलं पाणी अजून कोब्यात असतं. रोजचं माप कमी होत असेल तर काम झालं असं समजावं, आठवड्यानंतरही आंघोळीमागोमाग वाढत असेल तर दुसरी फट शोधावी. छताला रंग मात्र लगेच लावू नये. स्लॅब वाळायला महिना-दोन महिने लागतात, त्याआधी लावलेल्या रंगाला फुगे येतात, आणि ते फुगे पाहून खालचे पुन्हा वरच्यांची बेल वाजवतात.