विश्लेषण : उंटाच्या तापात सर्रा कसा ओळखतात? चुकीच्या औषधाचा धोका काय?

राजस्थान-गुजरातमध्ये पावसाळ्यानंतर उंट अधूनमधून तापतो, खंगतो, मदार उतरते. पशुपालक याला ‘तिबरसा’ म्हणतात, कारण हा आजार वर्षानुवर्षे रेंगाळतो. शास्त्रीय नाव सर्रा. ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ हा एकपेशीय परजीवी रक्तात वाढतो आणि रक्त शोषणाऱ्या टॅबॅनस माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये पंजाबातील घोडे व उंटांच्या रक्तात तो शोधला.

ताप मोजतानाच फसगत का?

उन्हाळ्यात पाणी न मिळालेल्या निरोगी उंटाचेही तापमान पहाटे 34 अंश सेल्सिअस आणि दुपारनंतर 40 अंशांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे दुपारच्या एकाच नोंदीवर विसंबता येत नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजावे. सर्रात ताप लाटांनी येतो. परजीवी आपल्या पृष्ठभागावरील प्रथिन बदलत राहतो. प्रतिकारशक्ती एक रूप ओळखते, तोवर दुसरे वाढते. तांबड्या पेशी नष्ट होत राहिल्याने रक्तक्षय होतो.

रक्तात दिसला नाही, म्हणजे नाही?

नाही. दोन लाटांच्या मध्ये परजीवी इतके कमी असतात, की काचपट्टी कोरी दिसते. म्हणून ताप चढलेला असताना कानाच्या शिरेतून रक्त घेतात. ताज्या थेंबात तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारा परजीवी दिसतो. पातळ थर वाळवून, मिथेनॉलने पक्का करून, जिम्साने रंगवल्यास तो नीट ओळखता येतो. तरीही सापडला नाही, तर बारीक काचनळीतले रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. परजीवी पांढऱ्या पेशींच्या थराजवळ गोळा होतात आणि तांबड्या पेशींच्या स्तंभाची उंची पाहून रक्तक्षयही त्याच नळीत कळतो.

औषध कोणते?

खरी गफलत इथे होते. गुरांसाठी वापरले जाणारे डायमिनाझिन उंटाला विषारी ठरू शकते, घोड्यालाही ते नीट सोसत नाही. उंटात व घोड्यात क्विनापायरामिन सल्फेट त्वचेखाली देतात. मात्रा किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत. समजा, उंट 500 किलोचा आहे, तर 2.5 ग्रॅम हवे. वजन नजरेने 350 किलो धरले तर 1.75 ग्रॅमच जाईल, म्हणजे किलोमागे साडेतीन मिलिग्रॅम. ताप उतरेल, पण उरलेले परजीवी पुन्हा वाढतील आणि औषधाला दाद न देणारे वाण तयार होण्याची भीती राहील. त्यामुळे वजनाचा अंदाज छातीचा घेर मोजूनच घ्यावा, मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

घोड्यात आजार वेगाने वाढतो. परजीवी मेंदूपर्यंत पोहोचला, मागचे पाय लटपटू लागले, की हे औषध तिथे पुरेसे पोहोचत नाही. रक्त स्वच्छ दिसूनही काही आठवड्यांनी आजार उलटू शकतो, म्हणून उपचारानंतरही तपासणी सुरू ठेवावी लागते.