डिपॉझिट कुणाचं, तुटफूट कुणाची?

डोंबिवली पूर्वेला मानपाडा, सोनारपाडा या बाजूला लग्नसराईत एखाद्या संध्याकाळी फिरून या. गल्लीआड हळद असते, आगरी घरची हळद असेल तर माणसं मोजायची सोय नसते, आणि टेम्पोतून खुर्च्या, टोप, पराती, स्पीकर उतरत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच टेम्पो परत येतो आणि तिथे वाद सुरू होतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत मंडप डेकोरेटरच्या दुकानात होणारी भांडणं भाड्यावरून फारशी होत नाहीत, होतात ती डिपॉझिटवरून. दोन्ही बाजूंच्या डोक्यात काही समजुती घट्ट बसलेल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात.

पहिली समजूत चलनावरच छापलेली असते: ‘मालाची तुटफूट झाल्यास डिपॉझिट जप्त होईल.’ गिऱ्हाईक ते वाचून गप्प बसतं, दुकानदारालाही तो आपला हक्क वाटतो. प्रत्यक्षात छापलं म्हणून पूर्ण रक्कम ठेवून घेता येत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम आधी ठरलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि ती त्या ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मौला बक्ष यांच्या खटल्यात हेच अनामत रकमेला लागू केलं. हा गृहस्थ लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचा. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने अनामत जप्त केली. पण नुकसान किती झालं हे सिद्ध करणं शक्य असूनही सरकारने ते केलं नाही, म्हणून ती जप्ती टिकली नाही. खुर्ची, टोप, चमचे यांचं नुकसान तर रुपयांत मोजायला आणखी सोपं.

याची उलटी बाजूही आहे. ‘डिपॉझिट दिलंय, आता काहीही तुटो, तेवढ्यावर सुटलो’ असं मानणारी मंडळी असतात. डिपॉझिट म्हणजे सुरक्षेची रक्कम. नुकसान त्याहून मोठं झालं तर वरचे पैसे दुकानदार मागू शकतो. कमाल भरपाई एवढीच, असं चलनावर लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि बुकिंगचा अ‍ॅडव्हान्स हा तिसराच प्रकार: तो तारीख अडवून ठेवण्यासाठी असतो आणि पुढे भाड्यातून वजा होतो. कार्यक्रम रद्द झाला तर वाद त्याच्यावरून होतो, तुटफुटीवरून नाही. चलनावर या दोन रकमा दोन ओळींत लिहून घेतल्या तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो. जीएसटी लागत असेल तर तिथेही हा फरक उपयोगी पडतो: परत द्यायची अनामत म्हणजे भाडं नव्हे, ती भाड्यात वळती केली तरच तिच्यावर कराचा प्रश्न येतो.

मुख्य भांडण मोजणीवरून होतं, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत.

समजा २०० खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठे टोप आणि १५० चमचे आणले, डिपॉझिट ५००० रुपये. परत नेताना १९७ खुर्च्या भरल्या. म्हणजे तीन गेल्या, असं दोघांनाही वाटतं. पण प्रत्येक डेकोरेटर खुर्चीच्या पाठीमागे किंवा बुडाशी रंगाने आपली अक्षरं मारतो. ती अक्षरं पाहत गेलं की १९७ मधल्या ५ खुर्च्या शेजारच्या सोसायटीतल्या बारशाला आलेल्या दुसऱ्या डेकोरेटरच्या निघतात. याचा अर्थ आपल्या ८ खुर्च्या जागेवर नाहीत. शेजारी जाऊन पाहिलं तर त्यातल्या ५ तिथल्या थप्पीत सापडतात. अदलाबदल झाल्यावर खरोखर गायब अशा तीनच उरतात. नुसता एकूण आकडा जुळवून ‘बरोबर आहेत’ म्हणणारा कामगार इथेच चुकतो, आणि चार दिवसांनी मालकाचा फोन येतो तेव्हा गिऱ्हाइकाला ती लबाडी वाटते.

आता उरलेल्यांपैकी दोन खुर्च्यांना तडे आहेत. दोन्ही तडे पाय आणि बैठक जिथे मिळतात तिथेच. प्लास्टिकची खुर्ची वर्षानुवर्षं गच्चीवर, उघड्या टेम्पोत, मैदानात उन्हात राहिली की ठिसूळ होते. पृष्ठभाग पांढरट पडतो, हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागते. अशी खुर्ची एक दिवस कुणाच्यातरी वजनाखाली जायचीच. ताजा आणि जुना तडा ओळखणं अवघड नाही. ताज्या तड्याच्या आतल्या कडा स्वच्छ, आतल्या प्लास्टिकच्या मूळ रंगाच्या असतात, तर जुन्या तड्यात काळी रेघ दिसते, कारण धूळ आणि पुसण्याचं पाणी आत जाऊन मुरलेलं असतं. आपल्या उदाहरणात एक तडा काळा आहे, एक स्वच्छ. काळ्या तड्याची खुर्ची दुकानदाराच्या खात्यात जाते.

इथे ‘खराब माल आला तरी घेतला ना तुम्ही’ हा युक्तिवाद होतो. तो कायद्यात बसत नाही. करार कायद्याचं कलम १५० सांगतं की भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे नुकसान झालं तर देणारा जबाबदार, आणि तो दोष त्याला ठाऊक होता की नव्हता याने फरक पडत नाही. खुर्ची मोडून एखाद्या आजीच्या मनगटाला लागलं तर प्रश्न फक्त खुर्चीच्या किमतीचा राहत नाही. तरीही माल उतरवताना पाढा वाचल्यासारख्या मोजण्यापेक्षा दहा-बारा खुर्च्या उलट्या करून पाहाव्यात आणि तडा असेल तो तिथल्या तिथे चलनावर लिहून घ्यावा. मोबाइलचा फोटोही चालतो.

स्वच्छ तड्याची एक आणि हरवलेल्या तीन, अशा चार खुर्च्यांचे पैसे द्यायचे. किती? ‘नवीन खुर्चीची किंमत द्या’ ही आणखी एक समजूत. भरपाई म्हणजे झालेला तोटा भरून देणं. तीन वर्षं भाड्यावर फिरलेली खुर्ची नवी नव्हती, तेव्हा मोजायची ती तिच्या त्या दिवसाच्या मोलाने. चांगले डेकोरेटर चलनामागेच दर छापतात: खुर्ची इतके, चमचा इतके, टोप इतके. समजा खुर्ची ३५० ठरलेली आहे, म्हणजे १४००. चमचे १२५ परत आले, २५ नाहीत. चमचे फारसं कुणी चोरत नाही. ते पत्रावळींबरोबर कचऱ्याच्या काळ्या पिशवीत जातात. घंटागाडी येण्याआधी पिशव्या चाळल्या तर काही सापडतात, पण समजा ते काम कुणी केलं नाही. प्रत्येकी १२ प्रमाणे ३००. एका टोपाचा तळ पोचला आहे. बाहेरची काजळी ही वापराची खूण, तिचे पैसे लागत नाहीत, फारतर धुलाई. पण बुडाला पोच आली की टोप भट्टीवर नीट बसत नाही, ती ठोकून घ्यावी लागते, ४५० रुपये. बेरीज २१५०, परत मिळायचे २८५०. दुकानदार सुरुवातीला सगळे ५००० ठेवायला निघाला होता आणि गिऱ्हाईक एक पैही द्यायला तयार नव्हतं.

भांड्यांत आणखी एक गफलत होते ती केटररमुळे. त्याची स्वतःची भांडी आणि भाड्याची भांडी एकाच नळाखाली घासली जातात आणि रात्री एकाच टेम्पोत चढतात. पूर्वी गावकीची, वाडीची भांडी असत त्यांवर नाव कोरलेलं असे. भाड्याच्या जर्मनच्या टोपावर हल्ली बुडाशी रंगाचा ठिपका असतो, आणि तो घासणीने निघून जातो. केटररचा माल निघण्याआधी भाड्याची भांडी वेगळी मोजणं हाच एक उपाय मला माहीत आहे.

चोरी किंवा पावसाचा प्रश्न आला की ‘माल तुमच्या ताब्यात होता, भरा’ असं सरसकट म्हटलं जातं. कलम १५१ आणि १५२ नुसार, साधारण समंजस माणूस स्वतःच्या वस्तूंची जितकी काळजी घेईल तितकी घेतली असेल तर गिऱ्हाईक जबाबदार धरलं जात नाही, करारात तसं वेगळं ठरलेलं नसेल तर. मात्र माल ठरल्या वेळी, स्वतःच्या चुकीने, परत दिला नाही तर हे संरक्षण जातं आणि त्यानंतरचं नुकसान कलम १६१ प्रमाणे गिऱ्हाइकावर येतं. ‘उद्या न्या, आज आम्ही दमलोय’ हे वाक्य त्यामुळे महागात पडू शकतं.

साउंडचं गणित वेगळं आहे आणि इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. खुर्च्या आपल्या हवाली होतात, पण साउंडबरोबर बहुधा मालकाचाच ऑपरेटर येतो. माल खरा त्याच्याच हाती असतो. त्याने अ‍ॅम्प्लिफायर कुवतीबाहेर ताणून स्पीकरची कॉइल जाळली तर ते बिल गिऱ्हाइकाचं नाही. वीज आपण दिली असेल आणि तिथे न्यूट्रल निसटला तर मात्र कहाणी बदलते. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टऐवजी ४०० च्या जवळपास दाब येऊ शकतो आणि एकाच वेळी बरीच उपकरणं जातात. एकच स्पीकर जळला की सगळ्या सोसायटीचे पंखे-दिवेही गेले, हे पाहिलं की दोष कुठला याचा अंदाज बांधता येतो.

‘परवानगी साउंडवाल्याकडे असते’ हाही भ्रमच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण घरच्या हळदीला ती आपोआप मिळत नाही. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून वर जाऊ नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हद्दीवर ६०: जेमतेम समोरासमोर गप्पा मारण्याइतका. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ध्वनिप्रदूषण आणि रस्त्यावरच्या मंडपांबाबत सविस्तर आदेश दिले, ते आपल्याच भागातून गेलेलं प्रकरण. पोलिसांनी साउंड जप्त केला तर सुटेपर्यंतचं भाडं कुणी भरायचं, हे चलनावर आधी लिहिलेलं नसेल तर तिथे पुन्हा सगळा वाद डिपॉझिटवर येऊन पडतो.

समेट झाला नाही तर घरगुती कार्यक्रमासाठी माल घेतलेलं गिऱ्हाईक ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतं. मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्यासाठी चलन, मोजणीची नोंद आणि पैसे दिल्याचा पुरावा लागतो. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. दुकानदाराला मात्र ही वाट मोकळी नाही. नुकसान डिपॉझिटपेक्षा जास्त झालं तर त्याला दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि चार खुर्च्यांसाठी कुणी तिथे जात नाही. पुढच्या हळदीला तो डिपॉझिट वाढवून मागतो, एवढंच.