भट्टीचा आकडा का नाचतो?

के-टाइप थर्मोकपल ८०० अंश सेल्सिअसला जेमतेम ३३ मिलिव्होल्ट देते. एका अंशाच्या वाट्याला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट येतात. त्यामुळे बाहेरून १ मिलिव्होल्ट जरी घुसला, तरी पॅनेलवरचे तापमान २४ अंशांनी चुकते.

घुसखोरीची सर्वांत फसवी वाट अर्थिंगमधून जाते. अनेक थर्मोकपलांचे टोक धातूच्या नळीलाच वेल्ड केलेले असते आणि नळी भट्टीच्या अंगाला टेकते. म्हणजे सिग्नल तिथेच अर्थ झाला. इकडे पॅनेलमध्ये इनपुट कार्डाची उणे बाजूही अर्थला जोडलेली असेल, तर दोन अर्थ आणि उणे तार मिळून एक बंद वर्तुळ तयार होते, तेच ग्राउंड लूप. भट्टीचा अर्थ आणि पॅनेलचा अर्थ यांच्यात ५ मिलिव्होल्टचा स्थिर फरक असला, तर कार्ड तो तापमान समजून मोजते आणि चूक १२० अंशांपर्यंत जाते. फरक ५० हर्ट्झचा असेल तर कार्डातील फिल्टर बराचसा गाळतो, उरलेल्यावर आकडा नाचत राहतो.

शंका आली की भट्टीचे अंग आणि पॅनेलची अर्थ-पट्टी यांच्यातील व्होल्टेज मीटरवर एसी आणि डीसी दोन्हींत पाहावे. मग कार्डाच्या उणे टोकाची अर्थ-जोडणी सोडून बघावी; आकडा स्थिरावला तर दोष लूपचाच. उपाय म्हणजे आयसोलेटेड इनपुट, किंवा टोक नळीपासून अलग असलेले थर्मोकपल, जे तापमानाला थोडे उशिरा प्रतिसाद देते. भट्टीची संरक्षक अर्थ-तार मात्र काढायची नाही. आवाज थांबेल, पण पुढच्या गळतीत माणसाला शॉक बसेल.

शील्डचेही असेच. थर्मोकपलच्या केबलची शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केली की तिच्यातूनच वर्तुळाचा प्रवाह वाहू लागतो. म्हणून सिग्नल जिथे अर्थ झालेला आहे, त्याच टोकाला ती जोडतात. अलग टोकाच्या थर्मोकपलसाठी पॅनेलकडे. दुसऱ्या टोकाला ती कापून हीट-श्रिंक नळीने झाकतात. फॉइलची शील्ड विद्युत क्षेत्र अडवते, ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तिला जवळपास दिसतच नाही. ते काम तारांच्या पिळाचे आणि अंतराचे आहे.

मोटारीच्या वेग-नियंत्रक ड्राइव्हच्या केबलला उलटा नियम लागतो. तिच्यातला आवाज उच्च वारंवारतेचा असतो, म्हणून तिची शील्ड दोन्ही टोकांना, सभोवती घट्ट बसणाऱ्या क्लॅम्पने जोडावी लागते. शील्ड पिळून केलेली लांब शेपटी तिथे निरुपयोगी ठरते.

ही केबल आणि थर्मोकपलची केबल एकाच ट्रेमध्ये शेजारी धावत असतील, तर वरची सगळी काळजी पुरी पडत नाही. पॅनेलमध्ये दोघींना वेगळे डक्ट द्यावेत, बाहेर शक्यतो २०० ते ३०० मिलिमीटर अंतर ठेवावे आणि एकमेकींना ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडावे. खात्री करायला भट्टी गरम असतानाच ड्राइव्ह क्षणभर बंद करावा. आकडा लगेच शांत झाला, तर दोष केबलच्या वाटेत शोधावा.