पिवळ्याची रुंदी कोण ठरवतं?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांना दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. मधल्या चार फुटांचा उपयोग उघड आहे. पाणी एवढं चढेपर्यंत नदीकाठच्या लोकांना सामान आणि जनावरं हलवायला वेळ मिळतो. ही पट्टी अर्ध्या फुटाची असती, तर इशारा आणि धोका जवळजवळ एकदमच आले असते.

सरकारी-निमसरकारी अहवालांत हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरताना हा हिशोब सहसा होत नाही. 90 टक्क्यांच्या वर हिरवा, 75 ते 90 पिवळा, त्याखाली लाल, असं एकदा कुणीतरी ठरवतं. मग तीच पट्टी शौचालयांनाही लागते आणि लसीकरणालाही. आकडे गोल आहेत, एवढंच त्यांचं समर्थन. प्रत्येक निर्देशकाची रेषा वेगळी काढावी लागते आणि ती त्या विषयाच्या पोटातून यावी लागते. हे कसं करायचं, ते गोवर-रुबेलाच्या लसीवर पाहू.

आपल्याकडे या लसीचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान देतात. गोवर विलक्षण संसर्गजन्य असतो. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रुग्ण 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. त्यामुळे साथ रोखायची तर दोन्ही डोस 95 टक्के मुलांपर्यंत पोचावे लागतात. म्हणजे हिरव्याची रेषा आजारानेच ठरवून दिली आहे. ती 90 वर आणली, तर तक्ता हिरवा होईल, विषाणूला फरक पडणार नाही.

लाल कुठे सुरू करायचा, हा प्रश्न जास्त अवघड. इथे जागतिक आरोग्य संघटनेचा एक ठोकताळा कामी येतो. शाळेत जाण्याआधीच्या वयाची असुरक्षित मुलं साठत साठत एका वर्षात जन्मणाऱ्या मुलांइतकी झाली, की मोठ्या साथीचा धोका उभा राहतो. त्याआधी पुरवणी मोहीम घ्यावी, असं संघटना सांगते.

आता एखाद्या भागात वर्षाला 100 मुलं जन्मतात असं धरू. त्यांतल्या 80 जणांना दोन्ही डोस मिळाले. 20 राहिलीच. नवव्या महिन्यातला डोस साधारण 85 टक्के मुलांनाच लागू पडतो, म्हणून या 80 पैकी बाराएक मुलं पहिल्या डोसनंतरही कोरी राहतात, पण दुसरा डोस त्यांतल्या बहुतेकांना सांभाळून घेतो. फार तर एखादं सुटतं. म्हणजे दरवर्षी 21 असुरक्षित मुलं, पाच वर्षांत 105. उंबरठा ओलांडला. हाच हिशोब 90 टक्क्यांना केला तर पाच वर्षांत 55 मुलं साठतात आणि 95 टक्क्यांना 30 च्या आसपास.

म्हणून 80 च्या खाली लाल. त्या ठिकाणी नेहमीच्या लसीकरण सत्रांवर विसंबून भागणार नाही, वेगळी मोहीम लागेल. 80 ते 95 पिवळा, कारण मुलं साठताहेत, पण नेहमीच्या यंत्रणेनेच दुरुस्ती करायला अजून काही वर्षं हातात आहेत. चुकलेल्या मुलांची यादी काढणं, सत्राचा वार बाजाराच्या दिवसाशी जुळवणं, रिकामं पद भरणं, ही पिवळ्याची कामं. रंगासमोर कुणी काय करायचं हे लिहिता येत नसेल, तर तो रंग काढून टाकलेला बरा. माझ्या मते पुष्कळ अहवालांतला पिवळा असाच असतो. लाल दाखवायला धीर होत नाही आणि हिरवा म्हणवत नाही, म्हणून पिवळा.

रेषा नीट काढली तरी ती कुठल्या आकड्यावर लावतो, यावर बरंच अवलंबून आहे. मैदानी भागात एका उपकेंद्राखाली साधारण पाच हजार लोकवस्ती असते. तिथे महिन्याला सहा-सात मुलं दुसऱ्या डोसला येतात. सातपैकी एक चुकलं की टक्केवारी 86, दोन चुकली की 71. म्हणजे एका मुलाने पिवळा आणि दोघांनी लाल. हिरवा हवा तर सातच्या सात मुलं यायला हवीत. जिथे खरोखरच 95 टक्के मुलांना लस मिळते, अशा उत्तम उपकेंद्रातसुद्धा निव्वळ योगायोगाने वर्षातले तीन-साडेतीन महिने हिरवे राहणार नाहीत आणि दोनेक वर्षांत एकदा लालही उगवेल. त्या महिन्यात आरोग्य सेविकेला बैठकीत उभं करून जाब विचारला जातो. पुढच्या महिन्यात रंग आपोआप सुधारतो आणि जाब विचारणाऱ्याला वाटतं, आपल्या बोलण्याचा परिणाम झाला.

यावर उपाय साधा आहे. उपकेंद्राचा रंग मागच्या बारा महिन्यांच्या एकत्रित आकड्यावर द्यायचा. वर्षाला 80 मुलं असतील तर चारपर्यंत चुकलेली चालतील, पाच ते सोळा म्हणजे पिवळा, सतरापासून लाल. महिन्याच्या रकान्यात रंग न देता चुकलेल्या मुलांची संख्या लिहायची. आशाताईंना तीच उपयोगी पडते, कारण घरं शोधायची असतात.

उलट दिशेची चूक मोठ्या आकड्यांत होते. अख्ख्या शहराची सरासरी वस्त्यांमधला फरक गिळून टाकते. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवर पसरला, तेव्हा गोवंडीच्या दाट वस्त्यांना त्याचा मोठा तडाखा बसला. लस न मिळालेली मुलं शहरभर सारखी विखुरलेली नसतात, ती काही गल्ल्यांत एकवटलेली असतात. म्हणून वरच्या पातळीच्या अहवालात सरासरीच्या रंगाशेजारी आणखी एक आकडा हवा, तो म्हणजे खालचे किती विभाग लाल आहेत. सरासरी हिरवी आणि खाली लाल विभाग, असं चित्र दिसलं तर सरासरीवर विश्वास ठेवू नये.

आणि छेद. टक्केवारीच्या खालचा आकडा, म्हणजे एकूण मुलं किती, हा बहुधा लोकसंख्येवरून काढलेला अंदाज असतो. बीडमधली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास मुलाबाळांसह साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल बीडच्या छेदात, लस मात्र कोल्हापूर-साताऱ्याकडच्या एखाद्या सत्रात. मग बीडचं गाव लाल दिसतं आणि कारखान्याजवळचं केंद्र 112 टक्के. तक्त्याचं सूत्र फक्त ‘95 च्या वर का?’ एवढंच तपासतं, त्यामुळे 112 ला बिनदिक्कत हिरवा देतं. शंभरात एकशे बारा मुलांना लस दिली, हे यश नाही, छेद चुकल्याची पावती आहे. त्यासाठी चौथा रंग ठेवावा लागतो, राखाडी. समजा, 105 टक्क्यांच्या वर आकडा गेला किंवा अहवालच आला नाही, तर राखाडी. ते केंद्र ना चांगलं ना वाईट, आधी मोजणी दुरुस्त करा, एवढाच त्याचा अर्थ.

रेषा कागदावर आल्या की लोक त्यांना जुळवून घेतात, तेही ओळखता येतं. तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांचे आकडे ओळीने मांडावेत. 95 आणि 96 वर गर्दी आणि 93-94 वर सामसूम दिसली, तर नोंदवह्या उघडाव्यात आणि वापरलेल्या लशीच्या साठ्याशी ताडून पाहाव्यात. अशा वेळी रेषा खाली आणण्याचा आग्रहही होतो, विशेषतः आर्थिक वर्ष संपताना. म्हणून रेषा वर्ष सुरू होण्याआधी, आकडे हाती नसताना ठरवायची आणि तिच्यामागचं कारण अहवालातच एका ओळीत छापायचं: ‘80, कारण याखाली पाच वर्षांत एका वर्षाच्या जन्मांइतकी असुरक्षित मुलं साठतात.’ ज्याला ती 70 वर हवी आहे, त्याने हा हिशोब खोडून दाखवावा.