बाटली आली, हे जुन्या ग्राहकाला कसं कळवावं

समजा, पुण्यातली एक छोटी कंपनी स्टीलचे जेवणाचे डबे विकते आणि आता पुन्हा पुन्हा वापरता येणारी पाण्याची बाटली बाजारात आणते आहे. डबा घेतलेल्या ग्राहकांना मालकीणबाई स्वतःच्या नावाने ईमेल लिहिणार आहेत. अशा ईमेलांची सुरुवात बहुतेक वेळा ‘आम्हाला कळवताना अत्यंत आनंद होत आहे’ अशी होते. मालकाचा आनंद वाचायला ग्राहकाला वेळ नसतो. त्याऐवजी विषयाच्या ओळीत ‘डब्यासोबत न्यायला पाण्याची बाटली’ एवढंच लिहावं. ते मोबाइलवरही पूर्ण दिसतं. पहिलं वाक्य त्याच्याकडच्या डब्याबद्दल असावं, कारण ओळख तिथूनच झालेली आहे.

खरी कसोटी पुढे आहे. ‘२४ तास थंड’ हा दावा सगळेच करतात, पण अटी सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. अशा बाटलीला दोन भिंती असतात आणि मधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे उष्णता मुख्यतः तोंडातून आणि झाकणातून आत शिरते. अर्धी भरलेली किंवा सारखी उघडली जाणारी बाटली लवकर कोमट होते. म्हणून मालकीणबाईंनी स्वतः मोजून लिहावं: किती अंशांचं पाणी काठोकाठ भरलं, खोलीचं तापमान किती होतं, झाकण न उघडता बारा तासांनी किती अंश भरले. आकडा जाहिरातीपेक्षा कमी आला तरी तोच छापावा. डबा रोज वापरणारा माणूस बाटलीही पहिल्याच आठवड्यात पारखणार आहे.

बिघाड कसा ओळखायचा, तेही ईमेलमध्येच सांगावं. बर्फाचं पाणी भरल्यावर बाहेरच्या भिंतीवर पाण्याचे थेंब जमू लागले, तर मधली पोकळी निकामी झाली आहे. अशी बाटली बदलून मिळेल, हे शेजारीच लिहावं. सोडा भरू नये, कारण बंद बाटलीत दाब वाढतो, आणि दूध नासतं. या सूचना तळाच्या बारीक अक्षरांत ढकलू नयेत.

‘पर्यावरणपूरक’ हा शब्द तर जपूनच वापरावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे मोघम दावे पुराव्याशिवाय आणि पुरेशा खुलाशाशिवाय करता येत नाहीत. स्टील घडवायलाही ऊर्जा लागते. बाटली वर्षानुवर्षं वापरली आणि विकतच्या प्लास्टिक बाटल्या खरोखर टळल्या, तरच फायदा होतो, आणि तेवढंच म्हणावं.

शेवटी किंमत, मावणारं पाणी, वजन आणि खरेदीची एकच लिंक. उत्तर देता येणार नाही अशा पत्त्यावरून ईमेल पाठवू नये. किती जणांनी ईमेल उघडला, या आकड्यावरही विसंबू नये. २०२१ पासून ॲपलच्या मेलमधली गोपनीयतेची सोय चालू असेल, तर न वाचलेला ईमेलही उघडलेला दिसू शकतो. त्यापेक्षा आलेली उत्तरं वाचावीत. झाकणातली रिंग सुटी मिळते का, असं चार जणांनी विचारलं, तर ती माहिती पुढच्या ईमेलमध्ये सगळ्यांना द्यावी.