पहिलाच मेसेज, आणि तोही टोमणा!

समजा, तुम्ही नोएडात नोकरी करता. प्रोफाइलवर पहिला फोटो लोधी गार्डनमधला, डोळ्यांवर गॉगल. गुरुग्रामचा कुणीतरी मॅच होतो आणि ना हाय, ना हॅलो, थेट विचारतो, "गॉगल के पीछे क्या छुपा रही हो?" आता काय लिहायचं? बोटं शिवशिवत असतील, पण आधी हे वाचा.

टोमणा नेमका फोटोवरच का? निदान हिंज अ‍ॅपवर तरी याचं कारण अ‍ॅपच्या रचनेत आहे. तिथे अख्ख्या प्रोफाइलला लाइक करता येत नाही. एखादा फोटो किंवा प्रोफाइलमधलं एखादं उत्तर निवडायचं आणि वाटलं तर त्यावरच कमेंट टाकायची. म्हणजे समोरच्याच्या हाती बोलायला विषय असतो तो तुमचा गॉगल नाहीतर तुमचं वाक्य. त्यामुळे इथला प्रत्येक शेरा खवचटच असेल असं नाही. काहींना गप्पा सुरू करायचा दुसरा रस्ताच सुचत नाही.

काही टोमणे मात्र शिकून मारलेले असतात. नील स्ट्रॉस या अमेरिकन पत्रकाराचं 'द गेम' हे पुस्तक 2005 साली आलं आणि मुली 'पटवण्याची' शिकवणी देणाऱ्या टोळक्यांची एक युक्ती जगभर पोहोचली: 'नेगिंग'. सुंदर मुलीला आधी हलकासा चिमटा काढायचा, म्हणजे ती स्वतःला सिद्ध करायला धडपडेल, असा हिशेब. "फोटो छान आहेत, पण सगळे एकाच अँगलचे का?" हा त्याचा ठरलेला नमुना. आधी कौतुक, मग 'पण', आणि शेवटी तुम्हाला खुलासा करायला लावणारा प्रश्न.

चिमटा लागू का पडतो, याचं उत्तर 1965 सालचं आहे. एलियट अ‍ॅरनसन आणि डार्विन लिंडर या मानसशास्त्रज्ञांनी मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग केला. विद्यार्थिनींना दुसरी एक मुलगी त्यांच्याबद्दल काय बोलते ते भेटीमागून भेट 'चुकून' ऐकू येईल अशी व्यवस्था केली. सुरुवातीपासून कौतुक करणारी मुलगी आवडलीच. पण आधी नावं ठेवून हळूहळू कौतुकाकडे वळलेली त्याहून जास्त आवडली. यातली मेख लक्षात घ्या. मतं बदलली म्हणून ती आवडली. शेवटपर्यंत नावं ठेवणारी कुणाला फारशी आवडली नाही. टोमणेबाज नेमकं हेच विसरतात.

म्हणून उत्तरात एकच प्रश्न. गॉगलवाल्याला खुलासा देऊ नका, उलट टोलाही नको. एवढंच लिहा: "दूसरी फोटो में आँखें दिख रही हैं। लोधी गार्डन जाते हो?" पुढचा मेसेज सगळं सांगून जातो. "हाँ, संडे को दौड़ने जाता हूँ" असं आलं तर त्याला बोलायचंच होतं, फक्त सुरुवात बेंगरूळ झाली. "इतनी सेंसिटिव क्यों हो?" आलं, किंवा दुसऱ्या फोटोवर नवा शेरा आला, तर त्याला गप्पा नकोत, तुमची धडपड हवी आहे. मग दुसरा मेसेज लिहू नका. अनमॅच करा.

टीका रास्त असेल तर? पहिल्याच फोटोत पाच जण असतील आणि कुणी विचारलं, "इनमें से आप कौन?", तर तो टोमणा नाही, सूचना आहे. एकटीचा स्पष्ट फोटो पुढे आणा आणि त्याला धन्यवाद म्हणा. ओळखायची सोपी खूण: असा शेरा दोन मिनिटांत बदलता येणाऱ्या गोष्टीबद्दल असतो.

रंग आणि अंगकाठी यांना मात्र ही सवलत नाही. "थोडी साँवली हो, पर चलेगा" याला उत्तर द्यायची गरजच नाही. बंबलने जानेवारी 2021 मध्ये नियमांतच लिहिलं की अंगकाठीवरून किंवा कातडीच्या रंगावरून हिणवणं चालणार नाही. त्याआधी जून 2020 मध्ये शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली होती, तीही लोकांनी ऑनलाइन याचिका चालवल्यावर. लग्नाच्या साइटवरून जे हटलं, ते पहिल्या मेसेजमध्ये का सोसायचं?

अ‍ॅपही कधीकधी टोकतं. टिंडरने 2021 मध्ये आणलेली सोय आक्षेपार्ह वाटणारा मेसेज जाण्याआधीच लिहिणाऱ्याला विचारते, "नक्की पाठवायचा?" कंपनीच्या सांगण्यानुसार चाचणीत अशी भाषा 10 टक्क्यांहून जास्त घटली. हिंजवर तुम्हाला नको असलेले शब्द आधीच नोंदवता येतात. ते वापरून आलेली कमेंट बाजूला पडते. 'मोटी', 'काली' हे शब्द आजच त्या यादीत घाला.

आणि एक क्रम कधीच चुकवू नका: आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, शेवटी अनमॅच. अनमॅच केल्यावर ती चॅट तुमच्याही फोनवरून जाते.