नव्वद दिवस म्हणजे किती दिवस?

मोठ्या दुकानसाखळीचा पहिला पीओ मिळाला की छोट्या कारखानदाराच्या घरी पेढे वाटले जातात. करारातलं उधारीचं कलम सहसा पेढे संपल्यावर वाचलं जातं. तिथे ‘नव्वद दिवस’ असं लिहिलेलं असतं आणि उद्योजक मनात म्हणतो, तीन महिने ना, ओढू कसंतरी. पण ते तीन महिने नसतातच.

उदाहरणापुरतं सातारा भागातलं एक मसाल्याचं युनिट घेऊ. साखळीला महिन्याला 10 लाखांचा माल जातो. मिरची, धणे, पाकिटं, मजुरी, वीज, गाडीभाडं असा खिशातून जाणारा खर्च 8 लाख. बाकी खर्च वजा जाता व्याजाआधी हातात उरतात साठेक हजार. माल 3 जूनला निघतो, 5 जूनला भिवंडीच्या गोदामात उतरतो. तिथे गर्दी असल्यामुळे जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पोच, 9 जूनला निघते. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘जीआरएनच्या महिनाअखेरीपासून नव्वद दिवस’. म्हणजे मोजणी सुरू 30 जूनला, मुदत संपते 28 सप्टेंबरला. साखळीचे पैसे सुटतात महिन्याच्या 5 आणि 20 तारखेला, त्यामुळे खात्यात रक्कम येते 5 ऑक्टोबरला. कारखान्यातून माल निघाल्यापासून 124 दिवस झाले. मिरची तर त्याआधीच रोखीने घेतलेली.

चार महिन्यांचा माल अडकला म्हणजे जवळपास 32 लाख रुपये दुसऱ्याच्या गोदामात पडून. कॅश क्रेडिटचा दर 12 टक्के धरला, तर एका महिन्याच्या मालावर सुमारे 32 हजारांचं व्याज जातं. साठ हजारांतले निम्म्याहून जास्त गेले. मसाल्यावरचा जीएसटी, 5 टक्क्यांनी 50 हजार, तो मात्र 20 जुलैला भरावाच लागतो. गिऱ्हाईकाने पैसे दिलेत का, हे सरकार विचारत नाही.

व्याज दिसतं तरी. खरा फास बँकेत बसतो. सीसीची मर्यादा कागदावर कितीही असो, उचल मिळते ती शिल्लक माल आणि येणं यांच्या हिशोबावर. नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी बहुतेक बँका त्या हिशोबात धरत नाहीत. म्हणजे 124 दिवसांच्या उधारीत शेवटचा महिनाभर ते बिल बँकेच्या लेखी नसतंच. धंदा वाढतोय, ऑर्डरी येतायत आणि मिरचीच्या हंगामातच उचलायला पैसे नाहीत, हे कोडं इथे सुटतं.

म्हणून वाटाघाटीला बसताना ‘दिवस कमी करा’ एवढंच म्हणणं कच्चं पडतं. समोर बसलेल्या खरेदी अधिकाऱ्याचं यश मोजलं जातं मार्जिनवर. उधारीचे दिवस ठरवतो त्यांचा फायनान्स विभाग, आणि तो खोलीत नसतो. त्यामुळे संवाद साधारण असा होतो.

‘‘ताई, आमची पॉलिसी आहे. सगळ्यांना नव्वदच.’’

‘‘ठीक आहे साहेब. पण मोजायचे कधीपासून? गोदामात माल उतरला त्या तारखेपासून धरा आणि महिनाअखेर काढून टाका.’’

हा प्रश्न आधी विचारावा, कारण इथे पॉलिसी मोडावी लागत नाही. वरच्या उदाहरणात नव्वद तसेच ठेवून मोजणी 5 जूनपासून धरली तर मुदत 3 सप्टेंबरला संपते आणि पैसे 5 सप्टेंबरला मिळतात. एक अख्खा महिना वाचला. दुसरी मागणी कपातीची. तूट, फुटलेली पाकिटं, स्कीमचा वाटा अशा डेबिट नोटा बिलातून परस्पर वळत्या होतात आणि वाद असलेल्या दोन हजारांसाठी पूर्ण बिल अडवलं जातं. वादाची रक्कम बाजूला ठेवून बाकीचं वेळेवर द्यायचं, हे लेखी घ्यावं.

मग कायदा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार करार काहीही म्हणो, मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवस. मोजणी माल स्वीकारल्यापासून. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा. जीआरएन उशिरा काढून ही तारीख पुढे ढकलता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक दर साडेपाच धरला तर साडेसोळा टक्के. यासाठी माल देण्याआधीच उद्यम नोंदणी हवी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला हवा. मध्यम उद्योगांना आणि निव्वळ व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही.

कायद्याचा बडगा उगारला तर शेल्फवरची जागा जाते, ही भीती खोटी नाही. पण 1 एप्रिल 2024 पासून आयकराची एक तरतूद लागू झाली आणि बोलण्याचा सूर बदलता येऊ लागला. कायद्याची मुदत उलटून पैसे दिले, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा करता येतो. मार्चअखेरीला थकलेल्या बिलांवर त्याला आधीच कर भरावा लागतो. शिवाय 45 दिवसांवर थकलेल्या देण्यांचा तपशील कंपनीने सहामाही विवरणात द्यायचा असतो. म्हणून पत्र फायनान्सला लिहावं, तक्रारीच्या नव्हे, माहितीच्या भाषेत: ‘आमची नोंदणी लघु उद्योगात आहे, प्रमाणपत्र सोबत जोडले आहे, आपल्या लेखापरीक्षकांच्या नोंदीसाठी.’ माझ्या मते कोर्टाच्या नोटिशीपेक्षा हे साधं पत्र जास्त काम करतं. याची उलटी बाजूही आहे. काही खरेदीदार नोंदणी रद्द करा म्हणतात. तो सौदा अजिबात घेऊ नये.

देवाणघेवाणीसाठी हातात काहीतरी हवं, आणि ते हिशोबातूनच निघतं. पोचल्यापासून 45 दिवस ठरले तर उदाहरणातले पैसे 20 जुलैला येतात, जीएसटी भरायच्या त्याच दिवशी. व्याज 32 हजारांवरून साडेबारा हजारांच्या आसपास उतरतं. वाचलेल्या सुमारे वीस हजारांपैकी 10 हजार, म्हणजे एक टक्का, वेळेवर पैसे दिल्याची सूट म्हणून देता येतात. खरेदी अधिकाऱ्याचं मार्जिन वाढतं. सूट मात्र पैसे वेळेत आले तरच लागू, आणि क्रेडिट नोट पैसे आल्यानंतर. भावातच एक टक्का कमी केला, तर सूट कायमची जाते आणि उशीर तसाच राहतो.

ट्रेड्स हा आणखी एक मार्ग. तिथे बिल चढवायचं, खरेदीदाराने मंजूर करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत पैसे मिळतात. व्याजदर खरेदीदाराच्या पतीवर ठरतो, आणि त्याने पुढे पैसे बुडवले तरी बँक आपल्या मागे लागत नाही. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी असणं आणि बिल मंजूर करणं यात अंतर असतं. ‘तुम्ही ट्रेड्सवर आहात का’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘आमचं बिल किती दिवसांत मंजूर कराल आणि व्याज कोण सोसणार’ हे विचारावं.

‘विकला तर पैसे, नाहीतर माल परत’ या अटीवर विशेष नजर ठेवावी. तिथे विक्रीच उशिरा झाली असं धरलं जातं, त्यामुळे 45 दिवसांची ढाल लंगडी पडते, आणि मसाल्यासारखा मुदतीचा माल परत आला तर तो बहुधा फेकावाच लागतो.

करारात आणखी एक ओळ घालून घ्यावी: कुठलंही बिल मुदतीपेक्षा पंधरा दिवस जास्त थकलं तर पुढचा पीओ थांबवण्याचा हक्क कारखान्याचा, आणि त्यासाठी कमी पुरवठ्याचा दंड लागणार नाही. ती ओळ नसेल तर पैसे थकवणाऱ्याला माल थांबवल्याबद्दल उलट आपल्यालाच दंड बसतो. सुलभीकरण परिषदेकडे दाद मागण्याची वाट आहेच. तिच्या निवाड्याला आव्हान देण्याआधी खरेदीदाराला 75 टक्के रक्कम जमा करावी लागते. पण त्या वाटेने गेल्यावर त्या साखळीचा पुढचा पीओ येण्याची आशा ठेवू नये. म्हणून एकाच साखळीत किती लाख अडकू द्यायचे, तो आकडा सही करण्याआधी सीसी खात्याकडे बघून ठरवलेला असावा.